दोन तासांचं भाषण, साडेसोळाशे तुकड्यांची एसआरटी: चॅप्टर पाडायचे कसे?

शिवारफेरी
मंडळी, आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटाचं एक छोटं यूट्यूब चॅनेल आहे. गोडी छाटणीवर एका सरांचं व्याख्यान ठेवलं होतं, ते टाकलंय. लांबी 1:52:40. लोक बघतात, पण फोन करून विचारतात, "बोर्डोचं कुठं सांगितलंय हो? सगळं ऐकायला वेळ नाही." म्हणून चॅप्टर पाडायचं ठरवलं. म्हणजे खाली डिस्क्रिप्शनमध्ये वेळ, मथळा आणि एका ओळीत आत काय आहे ते.

भाषण आपोआप टाइप करून घेतलं. एसआरटी फाइल आहे, साडेसोळाशेच्या वर तुकडे, प्रत्येक चार-पाच सेकंदांचा. छाटणीची सगळीकडे चटणी झालीय, ते सोडा. दोन रात्री बसून मी ते वाचलं आणि 22 मथळे काढले. अडचणी तीन.

एक, चॅप्टर दिसतच नाहीत. खालच्या पट्टीवर तुकडे पडत नाहीत.
दोन, वेळांवर क्लिक करून बघितलं तर भलतंच काहीतरी चालू असतं. सुरुवातीला सहा मिनिटांचा फरक, शेवटी अकरा.
तीन, मथळे मला स्वतःलाच आवडलेले नाहीत. "छाटणीविषयी मार्गदर्शन", "रोगांविषयी मार्गदर्शन", असे आलेत.

ओसरीवर
दोन तास बघतो कोण? सगळं भाषण स्वच्छ लिहून काढा आणि पीडीएफ करून ग्रुपवर टाका. आमच्या वेळी व्याख्यानमालेचा वृत्तांत वर्तमानपत्रात यायचा, दोन कॉलमात सगळं.

शिवारफेरी
काका, वृत्तांत नकोय. लोकांना सरांच्याच तोंडून ऐकायचंय, फक्त नेमकं कुठून ऐकायचं ते सांगायचंय. पीडीएफ टाकली तर कुणी उघडणार नाही, हेही तितकंच खरं.

गणित_पक्कं
सोपं आहे. 112 मिनिटं आहेत, दर आठ मिनिटांना एक चॅप्टर, 14 होतात. प्रत्येक तुकड्यात जो शब्द सर्वांत जास्त वेळा येतो तो मथळा. फाइल एक्सेलमध्ये टाकली की अर्ध्या तासाचं काम. वेळ सरकण्याचं कारण फ्रेमरेट. एडिटिंगमध्ये 29.97 चं 30 झालं की असं होतं. गुणोत्तर काढा आणि सगळ्या वेळांना गुणा.

कातरवेळ
शिवारफेरी, डिस्क्रिप्शन जसंच्या तसं इथे टाका, सगळं. एसआरटीचाही एखादा तुकडा टाका. न बघता औषध नको.

शिवारफेरी
हे घ्या, सुरुवातीचं:

```
कार्यक्रम रविवारी सकाळी 10:30 वाजता झाला.
०:०० सुरुवात
८:१० छाटणीविषयी मार्गदर्शन
३१:०२ बोर्डोविषयी मार्गदर्शन, मोरचूद 5 किलो
४८:०५ रोगांविषयी मार्गदर्शन
```

आणि एसआरटी:

```
412
00:31:02,400 --> 00:31:06,900
हं तर गोडी चटणी झाली की पहिल्यांदा काय

413
00:31:06,900 --> 00:31:11,200
खोड ओलांडून धुवून घ्यायचे एक टक्का
```

कातरवेळ
पहिली अडचण लगेच सुटेल. वेळेचे आकडे इंग्रजी लिहा, 0:00 असे. देवनागरी आकड्यांना वेळ म्हणून ओळखत नाही, त्याची लिंक होत नाही. यादी 0:00 पासूनच सुरू व्हायला हवी, किमान तीन वेळा हव्यात, चढत्या क्रमाने, आणि कुठलाही चॅप्टर दहा सेकंदांपेक्षा लहान नको. एवढं बघून सेव्ह करा आणि सांगा.

दुसऱ्या अडचणीसाठी: व्हिडिओ टाकण्याआधी काही कापलंत का? एसआरटी कापण्याआधीच्या रेकॉर्डिंगची आहे की नंतरची?

बांधावरचा
बाकीचं नंतर बघू. शिवारफेरीभाऊ, मोरचूद 5 किलो कशाला? 1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. नुसतं "5 किलो" वाचून कुणी 200 लिटरच्या टाकीत घातलं तर बाग जाळाल की लोकांची.

शिवारफेरी
अरे देवा. फाइलमध्ये "पाच किलो मोरचूद" असंच आहे हो. आता ऐकून बघतो.

...

ऐकलं. सर म्हणाले, "पाच किलो मोरचूद... नाही नाही, शंभर लिटरला एकच किलो. पाच किलो आपल्या पाचशेच्या टाकीला." यातलं "नाही नाही"पासून पुढचं फाइलमध्ये गायबच आहे, कारण त्याच वेळी मागून कुणीतरी टाळी वाजवली. बांधावरचा, थँक्यू. डिस्क्रिप्शनमधून काढून टाकलं आधी.

आकडे इंग्रजी केले, 0:00 पासून आहे, चढता क्रम आहे. तरी चॅप्टर नाहीत!

कातरवेळ
तुमच्या पहिल्या ओळीत "10:30 वाजता" आहे ना, तीही वेळच समजली जाते. म्हणजे यादी 10:30 पासून सुरू होते आणि त्यानंतर 0:00 येतं. क्रम मोडला. तिथे "साडेदहा वाजता" लिहा.

शिवारफेरी
आले! पट्टीवर तुकडे पडले. दोन दिवस मी चॅनेलच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो होतो.

कापण्याबद्दल: हो, कापलंय. मूळ रेकॉर्डिंग 2:04:10 चं. सुरुवातीचा सत्कार आणि दीपप्रज्वलन काढलं, साडेसहा मिनिटं. पुढे गटाच्या नावाची 12 सेकंदांची पट्टी लावली. मधला चहाही काढला, 5 मिनिटं 12 सेकंद. एसआरटी मूळ रेकॉर्डिंगची.

गणित_पक्कं
मग फ्रेमरेट नाही?

कातरवेळ
फ्रेमरेटने वेळ सरकते हे खरं आहे, पण ती हळूहळू, सारखी वाढत जाते. 29.97 आणि 30 चा फरक तासाला साडेतीन सेकंदांचा पडतो, सहा मिनिटांचा नाही. इथे फरक एका जागी उडी मारतोय. हे ओळखायचं कसं, तर चार ठिकाणी मोजायचं. सुरुवातीला, चहाच्या थोडं आधी, चहाच्या थोडं नंतर आणि शेवटी. व्हिडिओत एखादं ठळक वाक्य ऐका, तेच फाइलमध्ये शोधा, दोन्ही वेळांची वजाबाकी करा. फरक सगळीकडे एकच निघाला तर फक्त पुढचं कापलंय. पायरीसारखा वाढला तर मधेही कापलंय. उतारासारखा वाढला तरच गणित_पक्कं म्हणतात तसं गुणायचं.

तुमचा हिशेब: 6:30 काढली, 0:12 घातली, म्हणजे चहाआधीच्या प्रत्येक वेळेतून 6:18 वजा. चहानंतर त्यात आणखी 5:12, म्हणजे 11:30 वजा. मोजून बघा.

शिवारफेरी
मोजलं. चहाआधी दोन्ही ठिकाणी बरोबर 6:18, नंतर दोन्ही ठिकाणी 11:30. बोर्डोचं 31:02 होतं ते आता 24:44 ला येतं. विरळणीचं मूळ 1:22:10 होतं, ते 1:10:40. ताई, दंडवत.

हभप_नातू
माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच घुसतो. आजोबांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग आहेत, दोन-अडीच तासांची. काही नारदीय आहेत, तिथे सोपं जातं. नमन, पूर्वरंग, मधला नामगजर, मग उत्तररंगातलं आख्यान. पण वारकरी पद्धतीच्या कीर्तनात एकच अभंग दोन तास चालतो आणि ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं. चॅप्टर कुठे टाकू? प्रत्येक वेळी अभंग म्हटला की टाकला तर 40 होतात.

कातरवेळ
तुमच्याकडे सांगाडा अभंगातच आहे. निरूपण एकेका चरणावरून पुढे सरकतं, तेव्हा नवं चरण पहिल्यांदा उलगडायला घेतलं तिथे चॅप्टर. ध्रुपद परत आलं म्हणून नाही. पण मथळ्याला "दुसरं चरण" एवढंच लिहून भागणार नाही, लोकांच्या लक्षात दृष्टांत राहतो.

हभप_नातू
अगदी. आमच्याकडे फोन येतो तो "ती फुटक्या घागरीची गोष्ट कुठे आहे" म्हणून. पण काकांचं म्हणणं, मथळ्यात चरणच हवं, गोष्ट हे गौण. घरात भांडण आहे.

कातरवेळ
ते भांडण मी सोडवणार नाही :)

शिवारफेरी, आता तिसऱ्या अडचणीकडे, कारण खरं काम तिथे आहे. तुम्ही 22 मथळे कसे काढलेत?

शिवारफेरी
वरून खाली वाचत गेलो. नवा शब्द दिसला की नवा मथळा. भुरी आली, मथळा. डाऊनी आली, मथळा. सर "आता पुढचा मुद्दा" म्हणाले की मथळा. ते तसं फार वेळा म्हणतात.

कातरवेळ
तिथेच घोटाळा आहे. शब्द पहिल्यांदा येतो तिथे विषय सुरू होतोच असं नाही. "डाऊनीचं मी पुढे सांगणारच आहे" या वाक्यातही डाऊनी आहे. दर आठ मिनिटांना कापलं तर वाक्याच्या मधोमध सुरी फिरते, आणि सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द मोजला तर प्रत्येक तुकड्याचा मथळा "बाग" निघेल. "आता पुढचा मुद्दा" ही अनेक वक्त्यांची लकब असते, ती श्वास घेण्यासाठी असते. तेव्हा त्यावरही विसंबू नका.

मी करते ते सांगते. पहिल्या फेरीत मथळे लिहायचेच नाहीत. फाइल भरभर वाचायची आणि वक्ता वळला असं वाटेल तिथे फक्त खूण करायची. "बरं", "हं तर", "एवढं झालं", स्लाइड बदलली, पाणी प्यायले, अशा जागा. दोन तासांच्या भाषणात तीसेक खुणा पडतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खुणेपुढे एक प्रश्न लिहायचा: इथून पुढे वक्ता कशाचं उत्तर देतोय? शेजारच्या दोन खुणांपुढे तोच प्रश्न आला तर त्या एकत्र. तिसाचे बारा-तेरा उरतात.

मग तिसरी फेरी, ती वाचून होत नाही, कान लागतात. प्रत्येक खुणेच्या आधीची दहा आणि नंतरची वीस सेकंदं ऐकायची. सुरुवातीचं वाक्य "त्यामुळे", "म्हणूनच" किंवा "तेच आपण" असं असेल तर जागा चुकली. मधेच येऊन बसलेल्या माणसाला "त्यामुळे म्हणजे कशामुळे?" असं विचारायची वेळ येता कामा नये. मागे सरका, "ते" म्हणजे काय हे जिथे सांगितलंय तिथपर्यंत.

दोन तासांच्या भाषणाला मला साधारण तीन तास लागतात. अर्ध्या तासात होत नाही, गणित_पक्कं.

गणित_पक्कं
मान्य, सुरी फिरते. पण अंतराकडे दुर्लक्ष नको. एक चॅप्टर 35 मिनिटांचा आणि दुसरा 40 सेकंदांचा, असं झालं तर उपयोग काय?

कातरवेळ
लांब चॅप्टर निघाला तर आत परत बघा, वळण निसटलेलं असतं बहुतेक. तिथे तुमचं म्हणणं कामाचं आहे. पण 40 सेकंदांत सरांनी चुन्याची निवळी कशी ओळखायची एवढंच सांगितलं असेल आणि लोक तेच शोधत असतील, तर तो 40 सेकंदांचाच राहू दे.

शिवारफेरी
ताईंच्या पद्धतीने पहिल्या दोन फेऱ्या केल्या. खुणा 31, प्रश्न लिहिल्यावर 13 उरल्या. गंमत म्हणजे "रोगांविषयी मार्गदर्शन" या माझ्या मथळ्याखाली तीन वेगळे प्रश्न होते: डाऊनीची फवारणी कधीपासून, भुरी ओळखायची कशी, आणि पाऊस लागून राहिला तर काय.

बोर्डोच्या जागेचा प्रश्न आहे. 30:41 ला सर म्हणतात, "बरं, छाटणीचं एवढं पुरे, आता बाग धुवायला घेऊ." मग पाठीमागून कुणीतरी म्हणतं, "आमची तर पावसानेच धुतली," आणि वीस सेकंद सगळे हसतात. मग 31:02 ला "हं तर गोडी छाटणी झाली की पहिल्यांदा काय". कुठलं घेऊ? (या मूळ वेळा आहेत.)

कातरवेळ
31:02 घ्या, दोन सेकंद आधी. तिथे सर स्वतः "गोडी छाटणी झाली की" म्हणून संदर्भ देतातच, मधे येणाऱ्याला काही कमी पडत नाही. मधे हशा नसता तर 30:41 च योग्य होतं. म्हणजे तुमच्या व्हिडिओत 24:42. दोन सेकंद आधी अशासाठी की नेमक्या वेळेवर टाकलं तर पहिलं "हं" चिरडतं आणि माणूस मागे ओढतो.

बांधावरचा
मी बघणारा म्हणून सांगतो. मथळ्यात मला माझा प्रश्न दिसला पाहिजे. "बोर्डो" एवढं लिहिलं तर मी उघडीन, पण मला करायची रीत हवी की कधी मारायचं ते हवं, हे त्यात कळत नाही. आणि मोबाईलवर मथळा लांब असला की अर्धाच दिसतो.

कातरवेळ
बरोबर. म्हणून वेळेच्या ओळीत फक्त मथळा, पाच-सहा शब्दांत, आणि कामाचा शब्द पुढे. वर्णन खालच्या ओळीत. वेळेच्या ओळीत जे लिहाल ते सगळं मथळा म्हणून पट्टीवर जातं, मग तिथे "बोर्डो मिश्रण करण्याची योग्य रीत आणि त्या..." इथेच तुटतं.

एका ओळीच्या वर्णनाला मी दोन कसोट्या लावते. वर्णनावरचा मथळा झाकायचा आणि विचारायचं, हे दुसऱ्या एखाद्या चॅप्टरखाली चाललं असतं का? "याविषयी सरांनी सविस्तर मार्गदर्शन केले" हे सगळीकडे चालतं, म्हणजे ते कुठेच नको. दुसरी, त्या ओळीत जे म्हटलंय ते त्या तुकड्यात वक्त्याने खरंच म्हटलंय का. म्हणजे तुम्हाला माहीत असलेलं, पण तिथे न बोललेलं आत घालायचं नाही. आणि आकडा लिहायचा तर तो कानांनी ऐकूनच, अटीसकट. 5 किलोचं झालं ते पुन्हा नको.

शिवारफेरी
मग आकडे लिहूच नयेत का? सगळ्यांना आकडाच तर हवा असतो.

बांधावरचा
माझं मत, मात्रा लिहू नका. लोक व्हिडिओ उघडणारच नाहीत, ओळ वाचून टाकी भरतील. सरांनी खोड आणि ओलांड्यांसाठी 1 टक्का सांगितलंय, कोवळ्या फुटव्यांवर तेच मारायचं नाही. ओळीत 1 टक्का लिहिलात आणि दुसरा भाग राहिला तर?

कातरवेळ
मी लिहीन, पण दोन्ही भाग एकाच ओळीत. "कुठे" आणि "कुठे नाही" दोन्ही मावत नसेल तर आकडा वगळेन.

बांधावरचा
नाही पटत. औषधाचं सगळं ऐकूनच करावं. ओळीचं काम दार दाखवायचं.

शिवारफेरी
दोघांचं ऐकून मी बोर्डोच्या ओळीत टक्का ठेवतोय, किलो काढतोय. बघू कोण शिव्या देतं.

प्रश्नोत्तरांचं काय? 1:24:30 पासून शेवटपर्यंत, 19 प्रश्न. भुरीवर तीन, पण तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेत. ते एकत्र करता येतील का?

कातरवेळ
जागा बदलता येत नाही, वेळा चढत्याच हव्यात. 19 चॅप्टर केले तर मूळ भाषणाचे बारा त्यात बुडतील. मी प्रश्नोत्तरांचा एक चॅप्टर करते आणि भाषणात न आलेलं काही निघालं असेल तेवढ्यालाच वेगळी वेळ देते. भाषणातलंच पुन्हा विचारलं असेल ते सोडून देते.

आणखी एक. विचारणाऱ्याकडे माइक नसेल तर प्रश्न ऐकू येत नाही आणि फाइलमध्येही तिथे अर्धा मिनिट मोकळा किंवा काहीही भरलेला असतो. अशा वेळी सर प्रश्न परत म्हणतात का बघा, "हे विचारतायत की...", आणि तिथून सुरू करा.

गणित_पक्कं
मी असतो तर 19 च्या 19 टाकले असते. शोधणारा शब्द टाइप करून शोधतो, वाचत बसत नाही. डिस्क्रिप्शनला 5000 अक्षरांची मर्यादा आहे, त्यात आरामात बसतं.

कातरवेळ
बसतं हो. पण पट्टीवर शेवटच्या अर्ध्या तासात 19 बारीक तुकडे पडले की बोटाने मोबाईलवर हवा तो पकडता येत नाही. तुम्ही करून बघा एकदा.

गणित_पक्कं
माझ्या लेक्चरच्या व्हिडिओला 27 आहेत. विद्यार्थी तक्रार करत नाहीत.

ओसरीवर
विद्यार्थी तक्रार कधीच करत नाहीत, हा मुद्दा वेगळा.

शिवारफेरी
तिसरी फेरीही झाली. रात्री बायको म्हणाली, एकाच माणसाचं "हं तर" किती वेळा ऐकणार. ही यादी, मधले काही चॅप्टर इथे गाळलेत:

```
0:00 सुरुवात आणि वक्त्यांची ओळख
3:20 छाटणीची तारीख कशी ठरवायची
पाऊस, काडीची पक्वता आणि बाजार यांचा मेळ; सगळ्यांना एकच तारीख नाही.
24:42 बोर्डो: छाटणीनंतर बाग धुणे
खोड-ओलांड्यांवर 1 टक्का, कोवळ्या फुटव्यांवर हेच मारायचं नाही. पुढे 28:15 ला करण्याची रीत.
33:10 डाऊनीची फवारणी कधीपासून
पोंगा अवस्थेपासून सावध; पाऊस लागून राहिला तर काय बदलायचं.
41:47 भुरी आणि डाऊनी: फरक ओळखणे
पानाच्या कुठल्या बाजूला काय दिसतं, हे पानं हातात धरून दाखवलंय.
1:10:40 विरळणी किती आणि कधी
1:24:30 प्रश्नोत्तरं
```

कातरवेळ
छान झालीय. एक काढा. बोर्डोच्या वर्णनात "28:15 ला" लिहिलंय, तीही वेळच. एक तर तिथे नको असलेला चॅप्टर पडेल, किंवा काहीतरी गडबड होईल. रीत हवीच असेल तर 28:15 ला स्वतंत्र मथळा द्या, "बोर्डो करायची रीत". बांधावरच्यांनी तेच तर मागितलं होतं.

भुरीची ओळ मला फार आवडली. त्यात काय सांगितलं यापेक्षा काय दाखवलं ते आहे. फाइल वाचून ते कळत नाही, तिथे फक्त "हे बघा, हे असं" लिहिलेलं असणार.

शिवारफेरी
अगदी तसंच होतं! "हे बघा हे असं, आणि हे असं." ऐकायला बसलो तेव्हा पानं दिसली.

28:15 वेगळा केला. मिश्रणाची तपासणी त्यातच येते, लोखंडी विळा बुडवून. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. त्याची ओळ अशी केली: "मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मिसळणे, विळ्याने तपासणे." चालेल?

बांधावरचा
चालेल. विळ्याचं मथळ्यात घेतलं तर आणखी बरं. आमच्याकडे तेच विचारतात.

हभप_नातू
काकांशी तह झाला. मथळ्यात चरणाचे पहिले दोन शब्द, खालच्या ओळीत दृष्टांत. पण घागरीचा दृष्टांत आजोबांनी एकाच कीर्तनात दोन चरणांसाठी वापरलाय. दोन्हीकडे लिहू?

कातरवेळ
गोष्ट पूर्ण कुठे सांगितलीय? तिथेच. दुसरीकडे नुसती आठवण करून दिली असेल तर तिथे त्या चरणाचा अर्थ लिहा.

हभप_नातू
दुसऱ्यांदा गोष्ट वेगळ्या तऱ्हेने संपते.

कातरवेळ
मग दोन्हीकडे लिहा, आणि शेवट निराळा आहे हेही लिहा!

बांधावरचा
आत्ता ब्लोअरवर बसूनच बघितलं, एका बोटाने. 24:42 ला धाडकन विषय सुरू होतो, मस्त. 41:47 ला मात्र आधी सर खोकतात, मग कुणाला तरी पंखा बंद करायला सांगतात, मग भुरी.

शिवारफेरी
बघतो. हो, पंखा. 41:58 करतो.